पाटल्यांत सहा ग्रॅम जास्त, अंगठीत तिसरा भाग ग्रॅमची चोरी: सोनार देव की चोर?

सुमेधा_प

नमस्कार मंडळी. डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढते.

आजीच्या पाटल्या मोडून मी एक हिऱ्याची अंगठी घेतली आणि उरलेल्या रकमेची चेन. पाटल्यांच्या डब्यात आजोबांच्या हातची चिठ्ठी होती: "पाटल्या जोड १, वजन ४ तोळे ७ मासे ३ गुंजा, शके १८७६". मासे आणि गुंजा मी सोडून दिल्या आणि सरळ ४.७३ तोळे असं वाचलं. एक तोळा दहा ग्रॅम, म्हणजे ४७.३ ग्रॅम. दुकानात काट्यावर ठेवल्या तर ५३.४१० ग्रॅम! सहा ग्रॅम जास्त. सोनाराचा काटा बिघडलाय असं वाटलं, पण बिघाड माझ्या फायद्याचा होता म्हणून गप्प बसले. (हो, बसले. न्याय करा.)

मग अंगठीचं बिल आलं. ग्रॉस वजन ५.४८०. डायमंड ०.४२, २१ नग. नेट वजन ५.३९६. आता ५.४८० मधून ०.४२ वजा केले तर ५.०६ उरतात. यांनी ५.३९६ ग्रॅम सोन्याचे पैसे लावलेत, म्हणजे ०.३३६ ग्रॅम सोनं मला हवेतच विकलं. आजचे भाव बघता ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

एकाच दुकानाने एका हाताने सहा ग्रॅम दिले आणि दुसऱ्याने ओरबाडले? उद्या भांडायला जायचंय. त्याआधी कुणीतरी सांगा.

बिनधास्त_विनू

भांडा! १००% लुबाडलंय. हिऱ्यांचं वजन काढूनच सोन्याचं वजन धरायचं असतं. बिलात दोन्ही आकडे आहेत, म्हणजे पुरावा तुमच्या हातात आहे.

पाटल्यांचं म्हणाल तर एक तोळा म्हणजे १० ग्रॅम, हा कायदा आहे. ११ पूर्णांक काहीतरी ग्रॅमचा तोळा असतो तो दुबईचा, आपल्याकडे चालत नाही. पाटल्यांत आत काहीतरी भरलेलं असणार, लाख वगैरे. वितळवल्यावर कळेल.

आबासाहेब

सुमेधाताई, मूळ प्रश्न शुद्धतेचा आहे. बावीस कॅरेट घेतलं का चोवीस? चोवीस कॅरेटचा दागिना सहसा घडवत नाहीत, मऊ पडतो. हॉलमार्क बघा, ९१६ असेल तर २२ कॅरेट. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आहे का ते बघा, बीआयएसच्या ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती दिसते. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

सुमेधा_प

आबासाहेब, हॉलमार्क आहे. अंगठीवर ७५० आहे, म्हणजे १८ कॅरेट. ॲपवर बघितलं, बरोबर दिसतंय. माझा प्रश्न वजनाचा आहे हो.

कसोटी

सुमेधाताई, भांडायला जाऊ नका. गेलात तर निदान पाटल्यांचे सहा ग्रॅम परत द्यायची तयारी ठेवून जा. (गंमत केली. तेही द्यायला लागणार नाहीत.)

मी एका कारखान्यात बावीस वर्षं खडे जडवलेले दागिने तोलण्याच्या टेबलावर होतो, आता निवृत्त. हे दोन्ही आकडे मी वाचताच ओळखले. दोन वेगळी कारणं आहेत.

अंगठी आधी. ०.४२ हे ग्रॅम नाहीत, कॅरेट आहेत. आणि एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा, २०० मिलिग्रॅम. त्यामुळे ०.४२ ला पाचने भागा. ०.०८४ ग्रॅम आले. ५.४८० मधून ०.०८४ गेले की राहिले ५.३९६. बिलात हेच आहे. म्हणजे तुमच्या बिलात वजाबाकी अगदी बरोबर आहे, तुम्ही कॅरेटमधून ग्रॅम वजा केलेत एवढंच. याच चुकीने माझ्याकडे महिन्याला एकदोन गिऱ्हाईक तरी लालबुंद होऊन यायचं.

आता त्या बिलावर अजून एक गोष्ट असेल बघा. सोन्याच्या ओळीत "१८ कॅरेट" आणि हिऱ्याच्या ओळीत "०.४२ कॅरेट". मराठीत दोघांना एकच शब्द, इंग्रजीत ते वेगळ्या अक्षरांनी लिहितात, पण बऱ्याच बिलांवर दोन्हीकडे नुसतं केटी किंवा सीटी टाकलेलं असतं. सोन्याचा कॅरेट म्हणजे चोवीसपैकी किती भाग शुद्ध सोनं, ते वजन नाहीच. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे निव्वळ वजन, शुद्धतेशी त्याचा संबंध नाही. सोन्याच्या कॅरेटवरून ग्रॅम काढायचा प्रयत्न करू नका आणि हिऱ्याच्या कॅरेटवरून दर्जा.

पाटल्यांबद्दल रात्री लिहितो, त्याला जरा जागा लागेल.

खडीसाखर

म्हणजे २२ कॅरेट हिरा असं काही नसतं? मी नवऱ्याला गेली दोन वर्षं हेच मागतेय 😂

कसोटी

असतो, पण तो ४.४ ग्रॅमचा होईल आणि त्यासाठी तुमच्या नवऱ्याला घर विकावं लागेल.

कसोटी

आता पाटल्या. शके १८७६ म्हणजे इसवी सन १९५४-५५. त्या काळात दुकानात ग्रॅम नव्हते. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि दशमान वजनं त्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. तुमच्या आजोबांनी लिहिलाय तो खरा तोळा, ११.६६४ ग्रॅमचा. विनू, तो दुबईचा नाही हो. १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचं वजन १८० ग्रेन ठरवलं, म्हणजे एका रुपयाचं वजन. घरात राणीछाप रुपया असेल तर तो म्हणजे एक तोळा, झीज सोडून. दुबईच्या दहा तोळ्यांच्या बिस्किटाचं वजनही ११६.६४ ग्रॅमच असतं, कारण त्यांनी आपलाच तोळा उचलला.

दुसरं, आजोबांचं लिखाण दशांशात नाही. ४ तोळे ७ मासे म्हणजे ४.७ तोळे नव्हे. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. मला विचाराल तर माशांचे ग्रॅम, गुंजांचे ग्रॅम असं तुकड्यातुकड्याने करू नका, चूक हमखास होते. सगळ्याच्या गुंजा करा:

४ × ९६ = ३८४
७ × ८ = ५६
आणि वरच्या ३
एकूण ४४३ गुंजा

एक गुंज ०.१२१५ ग्रॅमची. ४४३ × ०.१२१५ = ५३.८२ ग्रॅम.

तुमचा काटा ५३.४१० म्हणाला. म्हणजे सहा ग्रॅम वाढले नाहीत, उलट ०.४१ ग्रॅम कमी झालेत. हातात सत्तरेक वर्षं घातलेल्या पाटल्यांना तेवढी झीज सहज होते. मला तर कमीच वाटते, आजी जपून वापरत असणार. आत लाख असती तर कारागिराला आवाजावरूनच कळलं असतं.

तांबडमाती

कसोटीकाका, हे फार छान. माझ्या गावच्या कागदांत असं खूप आहे. पण कधी खरा तोळा आणि कधी दहा ग्रॅमचा, हे कागदावरून ओळखायचं कसं? तारीख नसेल तर?

कसोटी

सोपी खूण आहे. मासे-गुंजा लिहिलेल्या दिसल्या की खरा तोळा, कारण दहा ग्रॅमच्या तोळ्याला मासे लावण्याची पद्धत कधी पडलीच नाही. याच्या उलट, "साडेचार तोळे" किंवा "४.६ तोळे" असं ढोबळ किंवा दशांशातलं वजन आणि कागद १९७० च्या पुढचा असेल, तर बहुतेक दहा ग्रॅमचा. मधल्या वर्षांत मात्र दोन्ही चालत. तिथे वस्तू उरली असेल तरच छडा लागतो, वजन करून पाहायचं.

फरक लहान नाही. पाच तोळ्यांत ८.३ ग्रॅमचा घोळ होतो.

बिनधास्त_विनू

ठीक, अंगठीचं चुकलं माझं. कॅरेट डोक्यात आलाच नाही. पण तोळ्याबद्दल माघार नाही. भावाच्या बातमीत "तोळ्याचा भाव" देतात तो दहा ग्रॅमचाच असतो. कुठल्याही दुकानात जाऊन पाच तोळे मागा, ५० ग्रॅमच देतात. मग कायद्याने दहा नाही तर कशाने?

कसोटी

देतात, हे खरं. पण तोळ्याचे दहा ग्रॅम कुठल्या कायद्याने केले नाहीत. कायद्याने तोळा व्यवहारातून काढला आणि ग्रॅम आणला. भाव १० ग्रॅमचा सांगायला लागले आणि लोकांच्या जिभेवर तोळा राहिला, म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटले. म्हणून बिलात तोळा कधी नसतो, तुमच्या बिलातही ग्रॅमच असणार. बोलताना तोळा, लिहिताना ग्रॅम, एवढं पाळलं तर कुणाचंच नुकसान नाही. भांडण होतं ते बोललेलं आणि लिहिलेलं एकमेकांवर ठेवायला गेलं की.

खडीसाखर

घरी राणीछाप रुपया आहे सासूबाईंचा! स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, १२ दाखवतोय. बारा?

तांबडमाती

तुमचा काटा एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नसेल. ११.६ ला १२ म्हणणारच की. त्याच्यावर भाजी तोला, सोनं नको.

रेवती_का

सगळं वाचलं, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. ज्योतिषांनी मुलाला पुष्कराज "सव्वापाच रत्ती" सांगितलाय. एका दुकानात ४.७८ कॅरेटचा दाखवला आणि म्हणाले हाच सव्वापाच रत्ती. दुसऱ्याने ३.१९ कॅरेटचा दाखवला आणि तोही म्हणाला हाच. दीड कॅरेटचा फरक आहे आणि किमतीत तर विचारूच नका. कसोटीकाका, रत्ती म्हणजे गुंजच ना?

कसोटी

रेवतीताई, रत्ती म्हणजे गुंजच, मूळचं तेच लाल बी. पण खड्यांच्या बाजारात तिची वाट वेगळी गेली. सोनाराची रत्ती म्हणजे गुंज, ०.१२१५ ग्रॅम, म्हणजे ०.६०७५ कॅरेट. त्या हिशोबाने सव्वापाच रत्ती म्हणजे ३.१९ कॅरेट. दुसरा दुकानदार याच हिशोबाने बोलला.

रत्नांच्या दुकानात जी रत्ती चालते ती साधारण ०.९१ कॅरेट धरतात. सव्वापाच गुणिले ०.९१ म्हणजे ४.७८. पहिला या हिशोबाने बोलला. दोघेही खोटं बोलले नाहीत, फक्त दोघांच्या काट्यातली रत्ती निराळी.

म्हणून खडा घेताना मी रत्तीचा आकडा ऐकतो आणि विसरतो. काट्यावर कॅरेट दिसतो तोच बिलात लिहून घ्यायचा. ४.७८ कॅरेट म्हणजे ०.९५६ ग्रॅम, ३.१९ म्हणजे ०.६३८ ग्रॅम. पैसे कॅरेटवर लागतात, रत्तीवर नाही.

रेवती_का

ते बरोबर. पण ज्योतिषांनी कुठली रत्ती मनात धरली होती?

कसोटी

ते मला सांगता येणार नाही. त्यांनाच फोन करून कॅरेटमध्ये किंवा मिलिग्रॅममध्ये विचारा.

आबासाहेब

मला वाटतं पाच रत्तीच्या वर कुठलीही चालते, परिणाम सारखाच. आणि हो, पुष्कराजही २२ कॅरेटमध्येच बसवा.

रेवती_का

आबा 🙏

अवंती_दे

मी हिऱ्यांच्या विक्रीत होते काही वर्षं, म्हणून एक भर घालते. सुमेधा, बिलातली वजाबाकी बरोबर आली यावर इतक्या लवकर खूश होऊ नकोस. बिलात २१ नग आणि ०.४२ कॅरेट आहे. तोंडी दुकानदार काय म्हणाला होता? "चाळीस पॉइंटची अंगठी" असं?

सुमेधा_प

हो! जवळजवळ हेच शब्द. "बेचाळीस पॉइंट डायमंड आहे मॅडम." मी मनात वहिनीच्या अंगठीशी तुलना करत होते, तिचा एकच हिरा चाळीस पॉइंटचा आहे आणि चांगला मोठा दिसतो. माझ्या अंगठीत चिमुकल्या ठिणग्या आहेत. पॉइंट म्हणजे काय असतं?

अवंती_दे

कॅरेटचे शंभर भाग केले की एक पॉइंट. ०.४२ कॅरेट म्हणजे ४२ पॉइंट. काही दुकानं याला सेंट म्हणतात, तेच ते. एक पॉइंट दोन मिलिग्रॅमचा. तुझ्या अंगठीत २१ नगांचे मिळून ४२, म्हणजे प्रत्येक सरासरी दोन पॉइंटचा. वहिनीचा एकट्याचा चाळीस.

वजन जवळजवळ सारखं, पण वस्तू सारखी नाही. चाळीस पॉइंटचा एक गोल हिरा समोरून साधारण पावणेपाच मिलिमीटरचा दिसतो, दोन पॉइंटचा जेमतेम १.७ मिलिमीटरचा. मोठे स्फटिक दुर्मिळ, म्हणून कॅरेटमागचा भावही मोठ्या हिऱ्याला कितीतरी जास्त असतो. दुकानदार "बेचाळीस पॉइंट" म्हणाला ते खोटं नव्हतं, पण "एकूण" हा शब्द गिळला. पॉइंट ऐकले की पहिला प्रश्न विचारायचा: एका नगाचे की मिळून?

सुमेधा_प

अरे देवा. म्हणजे अंगठीचा भाव वाजवी होता की नाही हेच मला कळत नाहीये आता.

कसोटी

अवंतीबाईंनी बरोबर ठिकाणी हात घातला. मी पाटल्यांच्या नादात पुढे गेलो होतो.

वजाबाकी जुळली, पण तिने काय सिद्ध झालं ते बघा. अंगठी काट्यावर ठेवून मिळतं ते ग्रॉस वजन. जडवलेले हिरे सुटे करून पुन्हा कुणी तोलत नाही. इतके लहान हिरे कारखान्यात चाळणीने मापतात, एका चाळणीतल्या मालाचं सरासरी वजन ठरलेलं असतं, नग मोजले की वजन आलं. नेट वजन म्हणजे काट्यावरचा आकडा वजा हा हिशोबातला आकडा. म्हणजे बिलातल्या तीन आकड्यांपैकी एकच काट्यावर चढला. उरलेले दोन एकमेकांशी जुळणारच, कारण एकातून दुसरा काढलाय.

म्हणून कुणाला खोड काढायचीच असेल तर ती सोन्यात काढणार नाही. हिऱ्यांचं वजन फुगवेल. समजा ०.४२ ऐवजी खरं वजन ०.३२ कॅरेट आहे. तर हिऱ्याच्या ओळीत तुम्ही ०.१० कॅरेटचे जादा पैसे दिलेत. त्या बदल्यात सोन्याच्या ओळीत फक्त ०.०२ ग्रॅम कमी लागले. हिऱ्याचा एका कॅरेटचा भाव आणि १८ कॅरेटच्या एका ग्रॅमचा भाव बिलातून शेजारी ठेवून बघा, सौदा कुणाच्या फायद्याचा ते लगेच दिसेल. तुम्ही मात्र उलट टोकाला, सोन्याच्या ग्रॅमवर, डोळे लावून बसला होतात.

बिनधास्त_विनू

आता मी पुन्हा "भांडा" म्हणू का?

कसोटी

थांबा हो. आधी मोजा.

घरात व्हर्नियर असेल, किंवा मुलाच्या प्रयोगशाळेत, तर चारपाच हिऱ्यांचा वरचा व्यास घ्या. १.७ मिमी आला तर साधारण दोन पॉइंटचे, २१ नगांचे ४२ बरोबर. १.५ च्या आसपास आला तर दीड पॉइंटचे, २१ नगांचे ३१-३२ पॉइंट होतील. १.३ आला तर एकेक पॉइंटचा, मग मात्र दुकानात जायचं कारण आहे. हा अंदाज आहे, काटा नाही. खड्याची खोली कमीजास्त असते, कोंदणाच्या नखांमुळे कड दिसत नाही. दोनतीन पॉइंटच्या फरकावरून कुणाशी वाद घालू नका, दहाच्या फरकावर घाला.

एकट्या हिऱ्याचं मात्र वेगळं आहे. प्रमाणपत्र असलेल्या हिऱ्याचं सुटं वजन प्रयोगशाळेत झालेलं असतं, तिथे अंदाज नाही.

तांबडमाती

घरगुती काट्यावर अंगठी ठेवून काही कळेल का?

कसोटी

काट्याच्या अंकांवर आहे. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा काटा ०.०१ ग्रॅमच्या खाली आंधळा, आणि ०.०१ ग्रॅम म्हणजे पाच पॉइंट. तुमचा दोन पॉइंटचा हिरा त्याला दिसणारच नाही. दुकानात तीन दशांशांचा काटा असतो, तिथे समोर उभं राहून ५.४८० पुन्हा बघून घ्या. ग्रॉस एवढंच तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतं, म्हणून ते तरी तपासा.

सुमेधा_प

नवऱ्याच्या हत्यारपेटीत डिजिटल व्हर्नियर निघालं! पाच हिरे मोजले: १.७, १.६, १.७, १.७, १.६. कड नीट लागत नाही, हात थरथरतो, पण १.५ पर्यंत कुठलाच गेला नाही.

कसोटी

मग ०.४२ पटण्यासारखं आहे. चाळीसेक धरा. भांडण मिटलं.

अवंती_दे

👍 आणि पुढच्या वेळी बिलावर "एकूण" असं लिहून घे.

सुमेधा_प

थँक्यू दोघांना. एक शेवटची गोष्ट विचारते. अंगठीच्या दिवशी दुकानाच्या फळ्यावर २४ कॅरेटचा भाव होता. त्याला १०० धरलं तर माझ्या बिलात १८ कॅरेटचा भाव ७८ येतोय. १८ भागिले २४ म्हणजे ७५ यायला हवा होता ना?

कसोटी

सोन्याच्या हिशोबाने ७५ च. १८ कॅरेटचा भाव बऱ्याच दुकानांत त्यापेक्षा थोडा वर ठेवतात. विचारलं तर कुणी मिश्र धातूचा खर्च सांगेल, कुणी घट सांगेल. पण घट मजुरीत वेगळी लावली असेल तर ती दोनदा धरू नये, असं माझं मत. बिलात मजुरीची ओळ काय आहे? तिच्यात "घट" लिहिलंय का?

अवंती_दे

काका, आमच्याकडे हे सरसकट दुकानाच्या मर्जीवर असायचं. भाव आधी विचारायचा, १८ चा वेगळा, २२ चा वेगळा. बिल झाल्यावर कारण विचारलं की उत्तर मिळतं, सूट मिळत नाही.

सुमेधा_प

मजुरी १२ टक्के वेगळी आहे आणि त्याखाली "वेस्टेज ३ टक्के".

कसोटी

हे बघा सापडलं. वेस्टेज म्हणजेच घट. ७८ मध्ये तीन आणि खाली पुन्हा तीन. यावर बोला दुकानात, कॅरेटवर नको.

आबासाहेब

वेस्टेज २२ कॅरेटला कमी लागतं.

बिनधास्त_विनू

आबा, तुम्ही आणि बावीस 😄

सुमेधा_प

आज जाऊन आले. ग्रॉस पुन्हा तोलून दाखवलं, ५.४८० च. वेस्टेजच्या ओळीबद्दल म्हणाले की मालक पुण्याला गेलेत, सोमवारी या. आणि घरी आल्यावर नवीन कहाणी: आजीच्या डायरीत "सुमेधाला ५ तोळे, नंदाला ५ तोळे" असं लिहिलेलं नंदाताईने दाखवलं. पान १९६७ चं. कसोटीकाका, हे तुमच्या मधल्या वर्षांतलं!

कसोटी

त्या पानावर आणखी कुठे ग्रॅम किंवा मासे लिहिलेत का ते आधी बघा. मागची-पुढची पानंही.